रवी नाईक खटला नीट वाचा, मग ‘कोर्ट मोठं की विधानसभा’ यावर भांडा

तेलंगणाच्या सभापतींना सुप्रीम कोर्टाने ३१ जुलै २०२५ ला सांगितलं की पक्षांतराच्या याचिका तीन महिन्यांत निकाली काढा, आणि तेव्हापासून स्पर्धा परीक्षेची पोरं जिथे जिथे जमतात तिथे, म्हणजे पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीच्या बाहेर असो किंवा फोंड्याच्या क्लासमध्ये, एकच वाद ऐकू येतो. एक गट म्हणतो कोर्ट विधिमंडळाच्या डोक्यावर बसायला लागलंय, सत्ताविभाजन संपलं. दुसरा गट म्हणतो कोर्ट नसतं तर आमदारांनी राज्य विकून खाल्लं असतं, न्यायिक पुनर्विलोकन हा बेसिक स्ट्रक्चरचा भाग आहे, विषय संपला. दोन्ही बाजू जोरात बोलतात आणि दोन्ही बाजू कोण मोठं हेच ठरवत बसतात. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीच्या जागेवरून विचारला जातोय. आपल्या घटनेत कोण मोठं असं कुठेच ठरलेलं नाही, ठरलंय ते एवढंच की कुठलं काम कोणी करायचं आणि ते काम करताना कोणती हद्द ओलांडली तर कोणी थांबवायचं. आणि हे शिकायला केशवानंद भारतीच्या जाडजूड निकालापासून सुरुवात करायची गरज नाही, आपल्या गोव्यातलाच खटला आहे, रवी नाईक विरुद्ध भारत सरकार, निकाल ९ फेब्रुवारी १९९४. गोव्याच्या पोरांना हा खटला फक्त एका ओळीत पाठ असतो, ‘राजीनामा न देताही पक्षाचं सदस्यत्व सोडल्याचं मानता येतं’. पण त्या निकालात कोर्टाने एकाच वेळी एका प्रकरणात सभापतींना हात लावला नाही आणि दुसऱ्या प्रकरणात त्यांचा निर्णय रद्द केला, आणि का, हे कोणी सांगत नाही. खरं शिकण्यासारखं तेच आहे.

आधी पार्श्वभूमी. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्ष स्वतःहून सोडला किंवा व्हिप मोडून मतदान केलं तर आमदार अपात्र, आणि तो अपात्र झाला की नाही हे ठरवणार सभापती. परिच्छेद ६ मध्ये लिहिलं की सभापतींचा निर्णय अंतिम, आणि ही कार्यवाही म्हणजे सभागृहाचीच कार्यवाही समजायची. परिच्छेद ७ मध्ये तर सरळच लिहिलं की कुठल्याही कोर्टाला यात अधिकार नाही. तेव्हा फुटीची सवलतही होती, विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर ते वाचायचे. ती सवलत २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकली, आता उरलीय ती फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची. जुना खटला वाचताना हा फरक डोक्यात ठेवा, नाहीतर आजच्या कायद्याने कालचा निकाल मोजाल.

आता १९९० चा डिसेंबर. विधानसभा तेव्हा पणजीत मांडवीच्या काठावरच्या जुन्या सचिवालयात भरायची. मगोचे १८ आमदार होते. त्यातले संजय बांदेकर आणि रत्नाकर चोपडेकर हे दोघं १० डिसेंबरला काँग्रेसच्या नेत्यांबरोबर राज्यपालांकडे गेले आणि आपला मगोला पाठिंबा नाही असं सांगून आले. याचिका झाली, सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी नोटीस काढली, उत्तराला जेमतेम दोन दिवस दिले, पेपरात आलेले फोटो पुराव्यात धरले आणि १३ डिसेंबरला दोघांना अपात्र ठरवलं. दुसऱ्या दिवशी हायकोर्टाने त्या आदेशाला स्टे दिला. पुढे २५ जानेवारी १९९१ ला मगोतूनच फुटून रवी नाईक मुख्यमंत्री झाले, त्यांच्याविरुद्धही याचिका झाली, त्यांनी एक तृतीयांश फुटीचा बचाव घेतला, म्हणजे १८ पैकी किमान सहा आमदार सोबत असायला हवेत. सभापतींनी तो बचाव मानला नाही, आणि मोजणी करताना बांदेकर-चोपडेकर यांना धरायलाच नकार दिला, कारण ते अपात्र झालेत. हायकोर्टाचा स्टे? तो आम्हाला लागू नाही, आमचा निर्णय अंतिम आहे. १५ फेब्रुवारी १९९१ ला चालू मुख्यमंत्री अपात्र.

इथे थांबून विचार करा, तुम्ही कोर्ट असता तर काय केलं असतं? ‘विधिमंडळ मोठं’ म्हणणारा दोन्ही आदेश तसेच ठेवेल. ‘कोर्ट मोठं’ म्हणणारा दोन्ही आदेश रद्द करेल, कारण दोन दिवसांत एखाद्याची आमदारकी काढणं कुणालाही घाईचंच वाटणार. सुप्रीम कोर्टाने यातलं काहीच केलं नाही.

बांदेकर-चोपडेकर यांच्या बाबतीत कोर्टाने सभापतींचा निर्णय कायम ठेवला. वकिलांचा मुख्य मुद्दा होता की सभागृहाच्या स्वतःच्या नियमांत उत्तराला सात दिवस आहेत, इथे दोनच दिले. कोर्ट म्हणालं की नियम मोडणं ही कार्यपद्धतीतली अनियमितता आहे, आणि तेवढ्यावरून सभागृहाच्या कार्यवाहीला आव्हान देता येत नाही, हे राज्यांसाठी कलम २१२ मध्ये आणि संसदेसाठी कलम १२२ मध्ये आहेच. मग नैसर्गिक न्यायाचं काय? तो वेगळा मुद्दा आहे आणि तो कोर्टाने वेगळा तपासला: आरोप काय ते कळलं का, उत्तर द्यायची संधी मिळाली का, आणि जे पुराव्यात धरलं ते त्यांनी नाकारलं का. राज्यपालांकडे गेल्याचं नाकारलेलंच नव्हतं. मग सात दिवस मिळाले असते तरी काय वेगळं झालं असतं? म्हणून हस्तक्षेप नाही. आता बघा, कोर्टाने स्वतःचा हात स्वतःच आखडता घेतला, सत्ताविभाजनाची आठवण कोणी करून द्यावी लागली नाही.

रवी नाईकांच्या बाबतीत मात्र आदेश रद्द केला. सभापतींचं गणित चुकलं म्हणून नुसतं नाही, तर त्यांनी कायद्याने जे बघायला हवं होतं त्याकडे बघायलाच नकार दिला म्हणून. हायकोर्टाचा स्टे होता, तो असेपर्यंत ते दोघं आमदार होते, त्यांना मोजायलाच हवं होतं. आपला निर्णय कोर्टापुढे जाऊच शकत नाही अशी स्वतःची समजूत करून घेऊन स्टे दुर्लक्षित करता येत नाही, सक्षम कोर्टाने तो रद्द करेपर्यंत तो बंधनकारक आहे. फुटीचा दावा पुराव्यानिशी समोर आल्यावर तो मान्य करायला हवा होता.

म्हणजे एकाच सभापतींचे, दोन महिन्यांच्या अंतरातले, एकाच अनुसूचीखालचे दोन आदेश, एक टिकला आणि एक पडला. पहिल्यात सभापतींनी आपल्या हद्दीत राहून निर्णय घेतला, तो घाईत घेतला असेल, आपल्याला पटला नसेल, पण हद्दीत होता. दुसऱ्यात हद्दच सोडली. पुनर्विलोकन म्हणजे हेच बघणं. निर्णय बरोबर की चूक हे बघणं म्हणजे अपील. ही रेघ पुसट झाली की सगळा वाद भरकटतो.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला म्हणजे घटनेतच ‘अंतिम’ लिहिलंय आणि कोर्टाला बंदीही लिहिलीय, मग न्यायाधीश कोण ती खोडणारे? याचं उत्तर रवी नाईक खटल्याच्या आधी, किहोतो होलोहान प्रकरणात आलं होतं, १९९२, पाच न्यायाधीश, तीन विरुद्ध दोन. आणि ते उत्तर वाचताना निम्मे उमेदवार घसरतात. परिच्छेद ७ रद्द झाला तो बेसिक स्ट्रक्चरच्या विरोधात आहे म्हणून, असं बऱ्याच नोट्समध्ये लिहिलेलं असतं. बहुमताचं कारण ते नव्हतं. कारण साधं होतं: कोर्टाला बंदी घातल्यामुळे कलम १३६, २२६ आणि २२७ मधल्या सुप्रीम कोर्ट-हायकोर्टाच्या अधिकारांत बदल होतो, आणि असा बदल करायचा तर कलम ३६८(२) च्या परंतुकाप्रमाणे निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यता लागते. ती घेतलीच नव्हती. म्हणजे संसदेने स्वतःवर बांधून घेतलेली वाट संसदच चुकली. याला कोर्टाची दादागिरी म्हणायचं तर मग राज्यांच्या विधानसभांना विचारायची अट कोणासाठी घातली होती? विधिमंडळाच्या मानाची काळजी असणाऱ्यांनी तर या निकालाचं स्वागत करायला हवं, कारण त्यात वगळलेल्या विधानसभांचा हक्क शाबूत राहिला. बाकी अनुसूची बहुमताने कायम ठेवली. आणि परिच्छेद ६ मधल्या ‘अंतिम’ बद्दल कोर्ट म्हणालं की सभापती इथे न्यायाधिकरण म्हणून काम करतात, त्यांच्या निर्णयावर अपील नाही, पण घटनेच्या आदेशाचं उल्लंघन, दुष्ट हेतू, नैसर्गिक न्याय न पाळणं किंवा पुराव्याशी पूर्ण विसंगत निष्कर्ष यांपैकी काही असेल तर पुनर्विलोकन होणार. तेही साधारणपणे निर्णय झाल्यावर, नुसत्या भीतीपोटी आधीच कोर्टात धाव घेता येणार नाही.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे: न्यायाधीश निवडून आलेले नाहीत, सभापती आहेत, मग लोकांच्या प्रतिनिधीचा निर्णय लोकांना उत्तरदायी नसलेल्या माणसाने का तपासावा? कायदा करण्याच्या बाबतीत मला हा मुद्दा बऱ्यापैकी मान्य आहे. बजेटमध्ये पैसा कुठे जावा, दारूबंदी असावी की नसावी, खाणींबद्दल धोरण काय असावं यात कोर्टाने लुडबूड केली तर तक्रार रास्तच आहे. पण अपात्रतेच्या याचिकेत सभापती कायदा करतात का? तिथे आरोप असतो, उत्तर असतं, पुरावा असतो, आणि शेवटी एका माणसाचं पद जातं किंवा राहतं. हे काम न्यायाधीशाचं आहे, फक्त खुर्ची विधिमंडळातली आहे. आणि ती खुर्ची बहुमत असेपर्यंतच टिकते, म्हणजे ज्या पक्षाच्या सत्तेचा निकाल लागायचाय त्याच्याच मतांवर निकाल देणाऱ्याचं पद अवलंबून. किहोतोमधल्या दोन अल्पमतातल्या न्यायाधीशांना नेमकं हेच खटकलं होतं, त्यांनी अख्खी अनुसूचीच अवैध म्हटली होती. मग सत्ताविभाजन बिघडवलं कोणी? कोर्टाने तपासणी केली त्याने, की न्यायदानाचं काम सभागृहात नेऊन ठेवलं त्याने?

आपल्याकडे सत्ताविभाजन अमेरिकेसारखं काटेकोर नाहीच, राम जवाया कपूर खटल्यात १९५५ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घटनेने ते पूर्ण ताठरपणे स्वीकारलेलं नाही, पण एकाचं मुख्य काम दुसऱ्याने बळकावायचं नाही हे गृहीत आहे. (कलम ५० पाठ करताना लक्ष द्या, त्यात न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी ठेवा असं म्हटलंय, विधिमंडळाचा उल्लेख नाही, आणि ते मार्गदर्शक तत्त्व आहे. एमसीक्यूमध्ये इथे मार्क जातात.) मंत्री आमदारही असतो, राज्यपाल अध्यादेश काढतो, सभापती न्यायाधिकरण होतात. कामं एकमेकांत मिसळलेली आहेत म्हणूनच प्रत्येक कामाला त्या कामाची शिस्त लागते. न्यायदान करायचं तर न्यायदानाचे नियम पाळा. हाच धडा १९७५ ला मिळाला होता. इंदिरा गांधींची निवडणूक अलाहाबाद हायकोर्टाने रद्द केली, संसदेने ३९ वी दुरुस्ती करून कलम ३२९अ घातलं आणि त्यातल्या चौथ्या खंडाने ती निवडणूक वैधच आहे असं सरळ जाहीर केलं. सुप्रीम कोर्टाने तो खंड रद्द केला. का? संसद निवडणुकीचा कायदा बदलू शकते, मागच्या तारखेपासूनही बदलू शकते, त्याच खटल्यात तसे केलेले बदल कोर्टाने मान्य केले आणि इंदिरा गांधी जिंकल्याही. पण एका विशिष्ट भांडणाचा निकाल, कुठलाही कायदा न लावता, पुरावा न बघता, संसदेने स्वतःच लावून टाकणं हे संसदेचं काम नव्हे. पुन्हा तीच रेघ.

उलट बाजूचं उदाहरणही घ्या, म्हणजे मी कोर्टाची बाजू डोळे मिटून घेतोय असं वाटायला नको. १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंग नावाच्या माणसाला हक्कभंगाबद्दल तुरुंगात टाकलं, हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी जामीन दिला, तर विधानसभेने त्या दोन न्यायाधीशांनाच ताब्यात घेऊन हजर करा असा ठराव केला. मग अलाहाबाद हायकोर्टाच्या २८ न्यायाधीशांचं पूर्ण पीठ बसलं आणि त्या ठरावाची अंमलबजावणी थांबवली. राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली सुप्रीम कोर्टाचं मत मागितलं. कोर्टाने सांगितलं की असा अर्ज ऐकायचा हायकोर्टाला अधिकार होता आणि न्यायाधीशांनी अवमान केला नाही. पण पुढे केशव सिंगची याचिका गुणवत्तेवर ऐकली गेली तेव्हा अलाहाबाद हायकोर्टाने ती फेटाळली, त्याला उरलेली शिक्षा भोगावी लागली. ऐकण्याचा अधिकार आहे याचा अर्थ विधानसभा हरली असा होत नाही, हे यातून जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं कुठल्या व्याख्येतून दिसणार नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो. कोर्ट कधी कधी तपासणीच्या पुढे जातं आणि निर्णयच स्वतः देतं. राजेंद्र सिंग राणा प्रकरणात २००७ ला सुप्रीम कोर्टाने बसपाच्या १३ आमदारांना स्वतःच अपात्र ठरवलं, सभापतींकडे परत पाठवलंच नाही. मी वर जी रेघ सांगितली ती इथे ओलांडली गेली की नाही? ओलांडली गेली, असंच मी म्हणेन. फक्त कारण बघा. आमदारांनी पक्ष सोडला २००३ मध्ये, सभापतींनी ती याचिका बाजूला ठेवून आधी फुटीला मान्यता दिली, कोर्टात तीन-साडेतीन वर्षं गेली आणि विधानसभेची मुदतच संपत आली. परत पाठवलं असतं तर निकाल लागेपर्यंत सभागृह विसर्जित झालं असतं. म्हणजे हा अपवाद जन्माला आला तो सभापतींच्या न-निर्णयातून. अपवाद म्हणून तो समजून घ्यावा, नियम म्हणून मिरवू नये.

आणि हा न-निर्णय म्हणजे काय हे गोव्याला शिकवायची गरज नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, दोन तृतीयांश झाले, विलीनीकरण म्हणून सांगितलं. अपात्रतेच्या याचिका झाल्या. सभापतींचा निर्णय आला २० एप्रिल २०२१ ला, याचिका फेटाळल्या. हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय २४ फेब्रुवारी २०२२ ला कायम केला. निकालातला कायद्याचा मुद्दा वादाचा आहे, मूळ पक्ष विलीन झालेला नसताना नुसत्या आमदारांच्या दोन तृतीयांशावर विलीनीकरण मानायचं का, हायकोर्टाने मानलं, मला ते पटत नाही कारण मग पक्षांतर एकट्याने केलं तर गुन्हा आणि घाऊक केलं तर चालतं असा अर्थ निघतो. पण आत्ता तारखा बघा. पुढच्या विधानसभेचं मतदान १४ फेब्रुवारी २०२२ ला होऊन गेलं होतं. हायकोर्टाने उलट निकाल दिला असता तरी त्या आमदारांचं काय गेलं असतं? पर्वरीत विधानसभा आणि हायकोर्ट आता जवळजवळ आहेत, पण एका याचिकेला तेवढं अंतर कापायला अख्खी विधानसभेची मुदत लागली.

म्हणून ‘कोर्टाने सभापतींना मुदत घालून दिली, केवढा हा अतिरेक’ असं म्हणणाऱ्यांनी मणिपूरचा २०२० चा निकाल वाचावा. कीशम मेघचंद्र प्रकरणात कोर्टाने सांगितलं की किहोतोने निर्णयाआधीची दखल रोखली ती सभापतींना निर्णयापासून अडवण्यासाठी वापरू नये म्हणून, निर्णयच घेऊ नये यासाठी ती ढाल नाही. काही अपवाद वगळता तीन महिने हा वाजवी काळ. तेलंगणाच्या निकालात पुढे तेच आलं. मुदत घालताना कोर्टाने कोण अपात्र हे सांगितलं नाही, ठरवा एवढंच सांगितलं, आणि मेन्समध्ये ‘अतिक्रमण की पुनर्विलोकन’ असा प्रश्न आला तर उत्तर याच फरकावर उभं करता येतं. मणिपूरच्या निकालात कोर्टाने संसदेला सुचवलंही होतं की हे काम सभापतींकडून काढून निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या कायम न्यायाधिकरणाकडे किंवा तशाच एखाद्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्यायचा विचार करा. त्यासाठी दहाव्या अनुसूचीत दुरुस्ती लागेल, आणि ती करायचा अधिकार कोर्टाकडे नाही, संसदेकडेच आहे.